फायनल फाईल नाही, तिच्यामागची खोडाखोड जपून ठेवा

कॉलेजात किंवा परदेशात शिकणारं पोर घरात असेल तर हे नक्की वाचा. स्वतः लिहिलेल्या निबंधावर एआय डिटेक्टरने लाल शेरा मारला तर "मीच लिहिलंय" एवढं म्हणून भागत नाही, आणि आपल्या मुलांवर ही वेळ जास्त येऊ शकते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले, तर माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के मशीनचे ठरले. साधे शब्द, साधी वाक्यरचना, बस, तेवढ्यावर संशय!

माझी भाची ब्रिटनमध्ये मास्टर्स करतेय, तिला असंच डिपार्टमेंटचं बोलावणं आलं. निबंध मराठवाड्यातल्या ऊस आणि पाणीटंचाईवर होता. सुदैवाने सगळं पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्ये लिहिलेलं. File > Version history > See version history उघडलं, तारखेशेजारच्या बाणावर क्लिक केलं की त्या दिवसातले बारीक बदलही दिसतात. पहिल्या ड्राफ्टमध्ये तिने सगळा दोष कमी पावसाला दिला होता, मग एक रिपोर्ट वाचून तो अख्खा परिच्छेद खोडला आणि पीकपद्धतीवर नवीन लिहिला, त्यात एक आकडा चुकला तो दुसऱ्या दिवशी सुधारला. त्या रिपोर्टच्या पीडीएफवर तिने समासात टिपा काढलेल्या, त्याची तारीख आणि खोडलेल्या परिच्छेदाची तारीख बरोबर जुळली. तिथेच विषय मिटला.

माझं म्हणणं एवढंच की खरा पुरावा मत बदलल्याच्या खुणांमध्ये असतो, ड्राफ्ट किती आहेत त्यात नाही. कारण दुसरीकडचा मजकूर बघून सावकाश टाईप केला तरी हिस्टरी तयार होतेच, पण ती सरळ वरून खाली जाते, मधेच मागे येऊन काही मोडत नाही. म्हणून नुसत्या हिस्टरीवर विसंबू नका, हाताने काढलेल्या टिपांचे फोटो, गाईडला पाठवलेले मेल, सगळं एका फोल्डरमध्ये टाका.

आता घोळ कुठे होतो ते. बरीच मुलं वर्डमध्ये लॅपटॉपवर लिहितात आणि शेवटी डॉक्समध्ये पेस्ट करतात, मग हिस्टरीत दोन हजार शब्द एका क्षणात आलेले दिसतात आणि उलट संशय वाढतो. वर्डच वापरायचं असेल तर फाईल वनड्राईव्हवर ठेवून ऑटोसेव्ह चालू करा. डॉक्समध्ये Make a copy केलं की नव्या कॉपीत जुनी हिस्टरी येत नाही, म्हणून मूळ फाईल अजिबात डिलीट करू नका. आणि सरांना नुसता व्ह्यू ॲक्सेस दिला तर त्यांना हिस्टरी दिसतच नाही, एडिट ॲक्सेस द्यावा लागतो किंवा समोर बसून स्क्रीनवर दाखवावं लागतं. समोर बसून दाखवलेलं केव्हाही बरं, "हा परिच्छेद का काढलास?" असं विचारलं की लिहिणारं पोर लगेच सांगतं.