निरोपाचा ओटीपी

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आंतरजिल्हा बदलीच्या यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा घरात पेढे आले आणि माझा पेढा तोंडातच राहिला. ती एक सही करून शाळा सोडणार होती. मला लातुरातल्या 83 पार्ट्या सोडायच्या होत्या.

मी जीएसटीची कामं करतो. वकील नाही, पण गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्याही रस्त्यानं चालत निघालो तरी तीन दुकानांतून "वकीलसाहेब, चहा घ्या" असं ऐकू येतं. पंधरा वर्षांत मी ते दुरुस्त करायचं सोडून दिलं. चहा मात्र सोडला नाही.

माझ्या पार्ट्या कुणाला द्यायच्या हे ठरलं होतं. माझ्याकडंच चार वर्षं शिकलेली, आता स्वतःचं छोटं ऑफिस थाटलेली एक मुलगी आहे. सगळे तिला 'नवी मॅडम' म्हणतात. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ही गोष्ट मी आणि पोर्टल, दोघंही जाणून आहोत. प्रश्न फक्त पार्ट्यांना सांगायचं कसं, एवढाच होता.

म्हणून एका रात्री बसलो आणि निरोपाचा मेसेज लिहिला. आपल्या मराठीत निरोप लिहायला बसलं की हात आपोआप जड होतो. माझाही झाला. लिहिलं ते असं:

"सप्रेम नमस्कार. गेली पंधरा वर्षे आपण दिलेल्या अलोट प्रेमाचा मी ऋणी आहे. काळाच्या ओघात प्रत्येकालाच कधी ना कधी जावे लागते. येत्या सोमवारपासून मी आपल्यात नसेन. कळत-नकळत काही चुकले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी."

खाली शोभेला माझा पासपोर्ट साइझ फोटो लावला. सगळ्यांना धाडण्याआधी एकाला पाठवून बघावा म्हणून गादी कारखानेवाल्या शेठना पाठवला आणि झोपलो.

शेठनी तो वाचला, डोळे पुसले आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. सकाळी फोन उघडला तर 46 'भावपूर्ण श्रद्धांजली' येऊन पडलेल्या. कुणी हात जोडलेले, कुणी पणती लावलेली. एकानं विचारलं होतं, "किती वाजता नेणार?" आणि त्याच्याच खाली एका कृषी सेवा केंद्रवाल्यानं लिहिलं होतं, "फार वाईट झालं. 20 तारखेच्या रिटर्नचं काय?"

मला या शेवटच्या माणसाचं कौतुक वाटलं. पूर्ण ग्रुपमध्ये मुद्द्याचं फक्त तोच बोलला होता. पार्टीला तुमच्या ऋणाशी देणंघेणं नसतं. तिला चार गोष्टी कळायला हव्या असतात: कधीपासून, कुणाकडं, अर्धवट राहिलेल्या कामाचं काय, आणि मला आता काही करावं लागणार आहे का. माझ्या मेसेजमध्ये या चारांपैकी दीड गोष्ट होती, आणि तीही यमदूताच्या भाषेत.

दुसरी चूक तारखेची होती. तो दिवस होता 8. आमच्या धंद्यात महिन्याचे दोन कप्पे असतात. 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1, म्हणजे काय विकलं त्याचा हिशोब. 14 ला खरेदीचं 2बी तयार होऊन येतं, ते आपल्या बिलांशी ताडून बघायचं आणि 20 पर्यंत जीएसटीआर-3बी भरून कर जमा करायचा. एक दिवस चुकला की दिवसाला 50 रुपये लेट फी, काहीच धंदा नसेल तरी 20 रुपये, आणि कर थकला तर वर्षाला 18 टक्के व्याज. अशा दिवसांत 'मी चाललो' म्हणणं म्हणजे नवरदेव बोहल्यावर असताना भटजीनं बस पकडायची आहे म्हणण्यासारखं. निरोप 21 तारखेला द्यावा. त्या महिन्याचं सगळं भरून झालेलं असतं आणि नव्या माणसाला पुढच्या 11 पर्यंत वीस दिवस मोकळे मिळतात.

तर मी जिवंत असल्याचा खुलासा केला (त्याला फक्त 9 अंगठे आले) आणि 21 तारखेची वाट बघत मेसेज परत लिहिला:

"नमस्कार. 1 तारखेपासून आपलं जीएसटीचं काम नवी मॅडम बघतील. त्यांचा नंबर खाली दिला आहे. या महिन्याचं रिटर्न मी भरलं आहे, पावती सोबत आहे. आपली कोणतीही नोटीस प्रलंबित नाही. या आठवड्यात मी मॅडमना घेऊन दुकानावर येतो. आपला मोबाईल जवळ ठेवा, नंबर बदलायचा आहे."

ऋण नाही, क्षमा नाही, फोटो तर नाहीच. बायकोनं वाचून विचारलं, "लाइट बिलाचा मेसेज आहे का?" पण हा मेसेज वाचून कुणी रडलं नाही आणि कुणी परत फोन करून काही विचारलंही नाही. नोटीस चालू असलेल्या तीन पार्ट्यांना मात्र ते वाक्य बदलून उत्तराची तारीख लिहिली आणि उत्तर कोण देणार तेही लिहिलं. थकलेल्या फीचा यात एक शब्द नव्हता. निरोपात उधारी काढली की निरोप राहतो बाजूला आणि उधारीवर चर्चा होते. ती वेगळी मागितली. मिळाली किती, ते विचारू नका. "आता नव्या मॅडमलाच देऊ की एकदम" हे वाक्य मी अकरा दुकानांत ऐकलं.

मेसेजच्या आधी जुन्या दहा-बारा लोकांना फोन केले. हे विसरलो असतो तर काही खरं नव्हतं. तरी भांडीवाले मामा निसटलेच. त्यांना मेसेजवरून कळलं. दुकानात गेलो तर त्यांनी माझ्याकडं न बघता नव्या मॅडमला चहा दिला. मग पितळी घागरीला सांगितल्यासारखं म्हणाले, "पंधरा वर्षं बसायला पाट दिला, आन् जायलाव ते मोबाईलवर सांगायलाव." मी दोन घागरी विकत घेतल्या तेव्हा चहा आला.

खरी गंमत नंबर बदलण्यात होती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, त्याच्या आधी सगळ्या जुन्या व्हॅटवाल्यांना पोर्टलवर आणायची घाई चालली होती. त्या वेळी कुणाकडं ई-मेल नव्हता, कुणाला ओटीपी ही शिवी वाटायची. म्हणून मी सरळ माझाच नंबर टाकून मोकळा झालो. तेव्हा सोय वाटली. आता बघतो तर 31 दुकानांची सही माझ्या खिशात वाजत होती. रिटर्न भरताना ओटीपी नोंदवलेल्या नंबरावर येतो. नव्या मॅडमनी सगळं काम करावं आणि शेवटच्या सहा आकड्यांसाठी मला फोन लावावा, याला हस्तांतरण म्हणत नाहीत.

हार्डवेअरवाल्या शेठचंच बघा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या साली त्यांनी पाण्याच्या टाक्या इतक्या विकल्या की दुकानाला दुसरा मजला चढला. माणूस मोठा, फोन बटणांचा. आम्ही तिघं काउंटरवर बसलो. पोर्टलवर नोंदणीतल्या दुरुस्तीचे दोन प्रकार असतात. दुकानाचं नाव, पत्ता असलं काही बदलायचं तर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मोबाईल आणि ई-मेल मात्र नॉन-कोअर मध्ये येतात, त्यांना मंजुरी लागत नाही. नवा मोबाईल, नवा ई-मेल टाकायचा, दोन्हींवर वेगवेगळा ओटीपी येतो, तो भरायचा आणि सही करायची. वाचायला पाच मिनिटांचं काम.

मोबाईलचा ओटीपी शेठच्या फोनवर आला. शेठ म्हणाले, "मेसेज आलाय, पण चष्मा घरी राहिलाय." चष्मा आला. तोवर नव्या ई-मेलचा ओटीपी पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडं गेलेला होता, कारण ई-मेल त्याच्या फोनमध्ये. मुलगा लेक्चरला. पहिल्या ओटीपीची मुदत संपली. परत मागवला. मुलानं फोन उचलला आणि घाईघाईत आकडा सांगितला, तो निघाला आदल्या ओटीपीचा. तिसऱ्या खेपेला दोन्ही जुळले आणि आम्ही सहीपर्यंत आलो. सहीचा ओटीपी जुन्या नंबरावर येणार, म्हणजे माझ्या. माझा फोन घरी चार्जिंगला.

नवी मॅडम एक शब्द बोलली नाही. वहीत तिनं पार्टीच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. 'मुलाचं लेक्चर 11 ते 1. चष्मा विचारणे.' तेव्हाच ठरलं, हिच्या हातात पार्ट्या सुखरूप आहेत. माझ्या वहीत याच शेठपुढं 'चिकट' असं लिहिलेलं होतं. वही देताना ते खोडून 'फी दिवाळी पाडव्याला' लिहिलं. वही कधी ना कधी पार्टीच्या हातात जातेच.

सगळ्यांना एकदम मेसेज धाडायच्या व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टनं मात्र दगा दिला. एका यादीत 256 नंबर मावतात, माझे 83 होते, तिथं अडचण नव्हती. पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. आणि मला 'जीएसटी लातूर', 'नोटीसवाले' अशा कुठल्याही नावानं सेव्ह न केलेले लोक कोण? तर महिन्यातून एकदा, 19 तारखेच्या रात्री, कॅरीबॅगमध्ये बिलं घेऊन येणारे. ज्यांना निरोपाची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच सुटले. असे सातजण होते. एक कळलाच नाही.

तो कळला पुढच्या महिन्यात. 20 तारीख, रात्रीचे साडेदहा, आम्ही संभाजीनगरच्या नव्या घरात खोकी फोडत बसलेलो. फोन टिंगला. सहा आकडे. पाठोपाठ कॉल.

"वकीलसाहेब, ऑफिसला कुलूप दिसलं. शेजारच्यानी मॅडमचा पत्ता दिला, तिथंच बसलोय. आकडा आलाय का?"

मागून नव्या मॅडमचा आवाज आला, "सर, लवकर सांगा, मुदत संपायलीय."

मी आकडा सांगितला. म्हटलं, उद्या सकाळीच नंबर बदलून घ्या.

"बदलू की," तो म्हणाला. "आता तुमचा नंबर सेव्ह करून ठेवतो. 'जीएसटी जुने' म्हणून."