फोटोतलं घड्याळ आणि पार्सलमधलं घड्याळ

"चांगले आठ-दहा फोटो दिले की अस्सल-नकली लगेच कळतं. तरी वस्तू मागवून तपासायची, म्हणजे आठवडा वाया घालवायचा आणि मधल्यामधे फी उकळायची. आणि एवढं करूनही नकली माल जातोच, मग हा खटाटोप कशाला?"

जुन्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या प्लॅटफॉर्मांच्या तपासणीबद्दल हा दावा नेहमी ऐकू येतो. त्याच्या पहिल्या वाक्यात 'नकली' कळतं हे खरं आहे, 'अस्सल' कळतं हे खरं नाही. सगळा घोळ तिथेच आहे. फोटोत एक गोष्ट चुकीची दिसली की वस्तू बाद करता येते. पण ती पास करायची तर सगळ्याच गोष्टी बरोबर असाव्या लागतात, आणि त्यातल्या कित्येक गोष्टी फोटोत येतच नाहीत. म्हणूनच जाणकार प्लॅटफॉर्म फोटोंचा उपयोग चाळणीसारखा करतात. नावाचं स्पेलिंग, लोगोची ठेवण, काट्यांचा आकार, त्या मॉडेलला कधी नव्हताच असा डायलचा रंग, दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेला फोटो हे सगळं चाळणीत अडकतं. ढोबळ नक्कल इथेच थांबते. जी थांबत नाही, तिच्यासाठी वस्तू हातात घ्यावी लागते.

मी जुनी घड्याळं जमवतो, म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो. समजा, १९६६ च्या सुमाराचं ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक विक्रीला आलं आहे. डायल साधारण ३० मिलिमीटरची, आणि प्लॅटफॉर्मवर चढलेल्या फोटोत ती १००० पिक्सेल रुंद दिसते आहे. हा फोटो चांगलाच म्हणायचा. डायलच्या खालच्या कडेला 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं असतात, उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे फोटोत एका अक्षराच्या वाट्याला सोळा-सतरा पिक्सेल आले, आणि अक्षराच्या रेघेच्या जाडीला फार तर दोन. त्यात जेपेग फाइल चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून तपशील कमी करते, म्हणजे एक अख्खं अक्षर उंचीला दोन चौकोनांत बसतं. कारखान्यात छापलेल्या अक्षराची कड रेखीव, धारदार असते आणि शाई किंचित उठावलेली दिसते. डायल पुन्हा रंगवलेली असेल तर कड पसरट असते, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, खुणांच्या बुडाशी रंगाचा थर साचलेला असतो. दहापट भिंगाखाली घड्याळ तिरकं धरलं की हे काही सेकंदांत कळतं. फोटोत मात्र दोन्ही डायली सारख्याच गोऱ्यागोमट्या दिसतात.

आपल्याकडच्या माणसांना तर हे वेगळं सांगायला नको. जुन्या सेइको, एचएमटी, फावर-ल्यूबा घड्याळांच्या डायली नव्याने रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकात बसवून ती ऑनलाइन विकली जातात, आणि जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. या नावाचं मला वाईट वाटतं, कारण मुंबईतल्या चांगल्या कारागिरांवरही त्याचा शिक्का बसतो. पण ही घड्याळं फोटोतच सर्वांत देखणी दिसतात, हे खरं आहे.

आता सीमास्टरकडे परत. त्या काळच्या डायलवर 'स्विस मेड' च्या दोन्ही बाजूंना 'टी' असेल, तर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरलेलं आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. साठ वर्षांनी शंभरातले तीन-साडेतीन भाग उरतात, आणि सोबतचा चमकणारा पदार्थही थकलेला असतो. अतिनील दिवा मारला तर तो उजळतो, पण दिवा बंद केल्यावर बहुधा लगेच विझतो. अंधारात मिनिटभर हिरवंगार चमकत राहिलं, तर रंग नंतर भरलेला आहे. दिवा बंद झाल्यावर काय होतं, हे साध्या फोटोत कसं दिसणार?

मग मशीन. या ओमेगांचा अनुक्रमांक मशीनवरच कोरलेला असतो आणि मॉडेलचा क्रमांक मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत. २ कोटी ४० लाखांच्या आसपासचा क्रमांक साधारण १९६६ चा. तो १ कोटी ६० लाखांचा निघाला तर मशीन १९५८ च्या आसपासचं, आणि केस नंतरच्या मॉडेलची असेल तर हे दोन घड्याळांचं कलम आहे. विक्रेता मशीनचा फोटो देईलही. पण तो याच घड्याळाच्या पोटातला, हे फोटो सांगत नाही. शिवाय मशीन चालतं कसं, हा प्रश्न राहतोच. चाल मोजायच्या यंत्रावर, म्हणजे टाइमग्राफरवर ठेवलं की ते टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे आणि बॅलन्स चाक किती अंशांत झुलतंय, हे दाखवतं. पूर्ण चावी दिलेलं, तब्येतीचं मशीन आडवं ठेवल्यावर २७० ते ३०० अंश झुलतं. २०० च्या खाली आलं की तेल सुकलंय किंवा आत झीज आहे. मनगटाच्या हालचालीने चावी देणाऱ्या रोटरचा आस झिजला असेल तर रोटर झाकणाला घासतो. तो चिमट्याने हलवला की खेळ बोटांना जाणवतो.

माझाच एक अनुभव सांगतो. एका विक्रेत्याकडून एचएमटी जनता घेतलं होतं. फोटो सुरेख, मशीनचाही फोटो होता, त्यावर एक बारीक आडवा ओरखडा. घरी आल्यावर झाकण उघडलं तर तो ओरखडाच नव्हता. फोटो एका घड्याळाचे आणि पार्सल दुसऱ्याचं. दोन्ही जनताच होती, त्यामुळे मी भांडू तरी कशावर?

फी आणि आठवड्याच्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. फोटो हा विक्रेत्याच्या टेबलावरचा पुरावा आहे. नावाची आणि तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवायला सांगा, काटे दहा वाजून सात मिनिटांवर लावून फोटो मागवा, तरी फार तर एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी ते घड्याळ विक्रेत्याच्या हातात होतं. पुढे डब्यात काय गेलं, हे मधे कुणीतरी उघडल्याशिवाय समजत नाही. ईबेने सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत २००० डॉलरवरच्या घड्याळांसाठी अशी मधली तपासणी सुरू केली, आणि खरेदीदाराकडून त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. परत येणारी वस्तूही तपासनिसाकडूनच जाते. हे विक्रेत्याच्या फायद्याचं आहे, कारण अस्सल घड्याळ ठेवून घेऊन नकली परत पाठवणारा खरेदीदारही असतो. त्याच्याविरुद्ध विक्रेत्याचे जुने फोटो काहीच करू शकत नाहीत.

शेवटचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. नकली माल जातो. बुटांच्या पुनर्विक्रीतलं स्टॉकएक्स प्रत्येक जोड हातात घेऊन तपासायचं, तरी नायकेने त्यांच्यावर २०२२ मध्ये दावा केला आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ३७ नकली जोडांच्या विक्रीबद्दल स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. दरम्यान, नोव्हेंबर २०२२ मध्येच त्यांनी आपल्या शिक्क्यातला 'अस्सल' हा शब्द काढून नुसतं 'पडताळलेलं' ठेवलं होतं. हातातली तपासणीही माणूसच करतो, घाईत असतो, चुकतो. पण यातून निघतं ते एवढंच की भिंग, दिवा आणि टाइमग्राफर समोर असूनही चूक होते. ती साधनं काढून घेऊन हजार पिक्सेलांवर निकाल सोपवला, तर चुका कमी कशा होतील, हे दावा करणाऱ्यांनी सांगावं.