अर्धा चान्स नाही भाऊ, हिशोब मांडून बघा

"जत्रेतला सहा चित्रांचा खेळ डोकं लावून खेळा. फासे तीन, चित्रं सहा, म्हणजे आपलं चित्र यायचा चान्स ३/६, सरळ अर्धा. एकदा आलं तर १० चे २० मिळतात, दोनदा आलं तर ३०, तिन्हीवर आलं तर ४०. अर्ध्या वेळी गेले, अर्ध्या वेळी परत आले, आणि डबल-तिबल पडलं की वरचा निव्वळ नफा. आमच्या दोस्तानं २० डावांत ४० रुपये कमावले."

हा मेसेज गेल्या आठ दिवसांत मला चार ग्रुपवर आला, आणि काल क्लासमधल्या एका पोरानं वहीत उतरवून आणला, "सर एक्स्पेक्टेड व्हॅल्यू, म्हणजे दर डावाची सरासरी कमाई, प्लसमध्ये येते ना?" मी लातूरला अकरावी-बारावीचं गणित शिकवतो, त्यामुळं पोराला नुसतं नाही म्हणून भागत नाही, मांडून दाखवावं लागतं. तेच इथं टाकायलो.

आधी तो अर्धा. १/६ + १/६ + १/६ अशी बेरीज करून आलाय तो. मग सहा फासे टाकले तर ६/६, म्हणजे आपण पैसे लावलेलं चित्र, समजा बदाम, येणारच येणार? आणि सात टाकले तर ७/६? सहा फाशांत एकही बदाम न पडणं हे काही नवल नाही, साधारण तीन वेळांतून एकदा होतंच. बेरीज चुकते कारण दोन फाशांवर एकदम बदाम पडलेले डाव ती दोनदा मोजते. तरी पण ०.५ हा आकडा अगदीच हवेतला नाही बरं का, तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे, त्याच्याकडं परत येतो.

आता सगळे निकाल लिहू. पोराला म्हणलं एक फासा लाल, एक हिरवा, एक पांढरा धर, म्हणजे गोंधळ होणार नाही. प्रत्येकाचे सहा, म्हणजे ६ × ६ × ६ = २१६ निकाल, सगळे सारख्या चान्सचे (फासे सरळ आहेत असं धरून, जत्रेत तेवढं धरणं पण उदारपणाच आहे). आपण बदामावर १० रुपये लावले. एकही बदाम नको तर प्रत्येक फाशावर बाकीची पाच चित्रं, ५ × ५ × ५ = १२५. एकच बदाम, तर तो कोणत्या फाशावर ते ३ प्रकारे आणि उरलेल्या दोघांवर ५ × ५, म्हणजे ७५. दोन बदाम, तर नसलेला फासा कोणता ते ३ आणि त्यावर ५ चित्रं, १५. तिन्ही बदाम, १. बेरीज १२५ + ७५ + १५ + १ = २१६, काही सुटलं नाही.

म्हणजे बदाम यायचा चान्स ९१/२१६, जवळपास ४२ टक्के. अर्ध्याला आठ टक्के कमी.

मग पैसे, आणि इथं पोरं हमखास घसरतात. "१० चे २०" मधले १० आपलेच असतात. खिशात पडलेली भर मोजायची, हातात आलेली नोट नाही. म्हणून हरलं तर −१०, एक बदाम +१०, दोन +२०, तीन +३०.

```
−१० × १२५ = −१२५०
+१० ×  ७५ =  +७५०
+२० ×  १५ =  +३००
+३० ×   १ =   +३०
बेरीज      =  −१७०
−१७० ÷ २१६ ≈ −०.७९
```

दर डावाला सरासरी ७९ पैसे जातात. आता तो ०.५ कुठला ते बघा, ७५ × १ + १५ × २ + १ × ३ = १०८, आणि १०८/२१६ बरोबर अर्धा. म्हणजे एका डावात सरासरी अर्धा बदाम पडतो, हे खरंच आहे. पण सरासरी अर्धा बदाम आणि अर्ध्या डावांत बदाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काही डावांत दोन-दोन तीन-तीन पडतात म्हणून बाकी जास्त डाव कोरडे जातात. दर बदामाला १० धरून सरासरी ५ रुपये येतात, आणि कोरड्या डावांचे सरासरी ५ रुपये ७९ पैसे जातात. मेसेजवाल्यानं पहिला आकडा बरोबर काढला आणि दुसरा पण ५ च धरला.

हुशार पोरगं होतं, त्यानं २१६ लिहायचा कंटाळा केला. बदाम-इस्पिक-झेंडा काय आणि झेंडा-बदाम-इस्पिक काय, एकच म्हणून त्यानं ५६ जोड्या काढल्या, ३५ मध्ये बदाम नाही, १५ मध्ये एक, ५ मध्ये दोन, १ मध्ये तीन. उत्तर आलं −१.२५. आणि म्हणतो सर, चान्सची बेरीज १ येते, मग बरोबरच आहे! ह्याच्यावर मी दहा मिनिटं घालवली, कारण बेरीज १ येणं ही तपासणी इथं चूक पकडतच नाही. निकाल सुटला किंवा दोनदा मोजला तर ती पकडते, पण वजनं चुकली तर गप्प बसते. बदाम-इस्पिक-झेंडा रंगीत फाशांवर ६ प्रकारे पडतं, बदाम-बदाम-इस्पिक ३ प्रकारे, बदाम-बदाम-बदाम एकाच. त्या ५६ जोड्या सारख्या चान्सच्या नाहीतच, त्यांना सारखं धरलं की सगळं बिघडलं.

मग पक्की तपासणी कोणती? दुसऱ्या बाजूनं हिशोब करायचा, आणि त्यातच त्या "डबल-तिबल पडलं की नफा"चं उत्तर पण मिळतं. समजा खेळाच्या मालकानं अंथरलेल्या कापडावरच्या सहाही चित्रांवर एकेकानं १० लावले, मालकाकडं ६० आले. तिन्ही फाशांवर वेगवेगळी चित्रं पडली (२१६ पैकी १२० वेळा) तर तिघांना २०-२० देऊन सगळे ६० परत गेले, मालकाला चहा पण सुटत नाही. एक चित्र दोनदा पडलं (९० वेळा) तर एकाला ३०, एकाला २०, गेले ५०, मालकाला १०. तिन्ही सारखे (६ वेळा) तर एकाला ४०, मालकाला २०. म्हणजे बघा, डबल पडलं की सगळे ओरडतात, बाजूचा पाठीवर थाप मारतो, आणि नेमका त्याच डावात मालक कमावतो. साध्या डावात त्याला काहीच सुटत नाही. ९० × १० + ६ × २० = १०२०, भागिले २१६, एका डावाला ४ रुपये ७२ पैसे, ते सहा जणांत वाटले की माणशी ७९ पैसे. वेगळ्या वाटेनं जाऊन आकडा तोच आला, आता उत्तरावर सही करायला हरकत नाही.

खेळ बरोबरीचा करायचा असता तर दोन बदामांना २० ऐवजी ३० आणि तिनाला ५० भर द्यावी लागली असती. ७५० + ४५० + ५० = १२५०, हरलेल्या १२५० ला चोख. असा भाव लावलेलं कापड मी तरी अजून पाहिलं नाही.

राहिला दोस्त. त्याचे ४० खरे असतील, मी कुठं नाही म्हणतो. २० डावांत सरासरी १६ रुपये जातात, पण नशिबाचा झोका इकडं-तिकडं ५० रुपयांचा असतो, म्हणून २० डाव खेळून नफ्यात उठणारे साधारण तिघांत एक निघतात. मेसेज तो एक टाकतो. बाकीचे दोघं बस पकडून घरी गेलेले असतात.