वॉरंटी आहे म्हणून काहीही बॅग उचलू नका

"सारखा प्रवास करणाऱ्यांनी डोळे झाकून हार्ड बॅग घ्यावी, फुटतच नाही. चार चाकंच भारी. नंबर लॉक असलं की चोरीचं टेन्शन नाही. आणि 5 वर्षांची वॉरंटी म्हणजे चाक तुटलं तरी नवीन फुकट."

आमचा आत्येभाऊ कामासाठी सारखा लातूर-मुंबई करतो, मधूनमधून विमानानं बाहेरही जातो. हा फिरणारा मेसेज वाचून आता म्हणायलाय की वॉरंटी आहे ना, मग बाकी काय बघायचं!

अरे बाबा, वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाच. तिथं बहुतेक वेळा फक्त बनवतानाचा दोष कव्हर असतो, झिजलेलं चाक आणि विमान कंपनीनं आपटून केलेलं नुकसान त्यात नसतं. आपटल्याची भरपाई बॅगवाल्याकडं नाही, विमान कंपनीकडं मागायची असते आणि तीही लगेच. बेल्टवरून बॅग उचलली की तिथंच चाकं, हँडल, कोपरे बघायचे, काही तुटलेलं दिसलं तर बाहेर न पडता त्यांच्या काउंटरवर लेखी रिपोर्ट करून कॉपी घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर कलम 31 प्रमाणं बॅग मिळाल्यापासून जास्तीत जास्त 7 दिवसांत लेखी तक्रार लागते. या मेसेजच्या भरवशावर माणूस घरी येऊन आरामात सर्व्हिस सेंटर शोधत बसतो आणि हक्क जातो, म्हणून मला राग येतो.

चाकांचं म्हणाल तर एअरपोर्टच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकं सोपी जातात, हे मान्य. पण एसटी स्टँडवरच्या खडीत ती छोटी, बाहेर आलेली चाकं अडकतात आणि धक्का पहिला त्यांनाच बसतो. अशा रस्त्यानं रोज जायचं असेल तर अर्धी आत बसवलेली, मोठी दोन चाकं बरी. दुकानातच आतल्या अस्तराची चेन उघडून बघा, चाक स्क्रूनं बसवलंय का रिव्हेटनं. स्क्रू असेल तर तेच चाक मिळाल्यावर गावातला बॅग रिपेअरवालाही बदलून देतो, रिव्हेट असेल तर ड्रिलनं तोडावं लागतं.

लॉकचं तर बोलूच नका. साधी कॉइल चेन बॉलपेनच्या टोकानं फाकते, लॉकला हातही लावावा लागत नाही. मग दोन्ही स्लायडर एकदा फिरवले की चेन परत बंद, मालकाला पत्ताही लागत नाही. स्लायडर बॅगेच्या बॉडीवरच्या फिक्स लॉकमध्ये अडकत असतील तर ते फिरवता येत नाहीत, निदान उघडल्याचं तरी कळतं.

हार्ड शेलमध्येही एबीएस स्वस्त पण कडक, जोरात आपटलं की तडकतं. पॉलीकार्बोनेट वाकून परत जागेवर येतं. लेबलवर मटेरियल लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

व्हीआयपी, सफारी, अमेरिकन टुरिस्टर यांची सर्व्हिस सेंटरं आहेत, पण ब्रँड बघून थांबू नका. पैसे द्यायच्या आधी कस्टमर केअरला फोन लावून मॉडेलचं नाव सांगा आणि विचारा, याचं चाक आणि हँडल सुटं मिळतं का, आणि लातूरहून बॅग द्यायची कुठं.