भोक लहान केलं की इन्सर्ट घट्ट बसतो, असं नाही

"इन्सर्टचं भोक जितकं लहान, तितकी पकड जास्त. वर इन्फिल 100% ठेवा, मग स्क्रू कितीही आवळा, आटे हलणार नाहीत."

वागळे इस्टेटपासून रबाळ्यापर्यंत थ्रीडी प्रिंटर चालवणाऱ्यांमध्ये हा सल्ला फिरतोय, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यातल्या पहिल्याच वाक्याने होतं.

इन्सर्ट म्हणजे प्रिंट केलेल्या पार्टच्या भोकात गरम करून बसवायची, आतून आटे असलेली पितळी नळी. एम3 स्क्रूचा नेहमीचा इन्सर्ट घ्या: बाहेरून 4.6 मिमी, लांबी 5.7 मिमी. त्याला 4 मिमीचं भोक लागतं. वितळलेलं प्लास्टिक इन्सर्टच्या बाहेरच्या नर्लिंगच्या खाचांत शिरून गार होतं, तीच पकड. आणि खाचा भरल्या की त्यात आणखी मावत नाही. भोक 3.6 केलं तर तेवढ्या लांबीत सुमारे 13.6 घन मिमी प्लास्टिक जास्तीचं होतं. ते सगळं खाली ढकललं गेलं, तर भोकाचा तळ 1.3 मिमी भरून येतो. इन्सर्टखाली आपण सोडतो जेमतेम 1 मिमी. उरलेलं आट्यांत चढतं, स्क्रू मध्येच अडतो, आपण जोर लावतो आणि स्क्रूबरोबर इन्सर्टच फिरायला लागतो. दोष मात्र इन्सर्टला!

शिवाय डिझाइनमधलं 4 मिमी प्रिंटमध्ये बहुतेकदा कमीच येतं. लहान भोकात व्हर्निअर फसवतो. 4 मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून बघा. तो जात नसेल तर डिझाइनमध्ये 0.1 ते 0.2 मिमी वाढवा.

इन्फिलचं, म्हणजे पार्टच्या आतल्या भरावाचं म्हणाल, तर इन्सर्ट धरतात त्या भोकाभोवतीच्या वॉल. 0.45 मिमी रुंदीच्या चार वॉल म्हणजे 1.8 मिमी भक्कम प्लास्टिक, आणि एम3 ला ते पुरतं. बाकीचा पार्ट 20% वर छापलात तरी चालेल. बॉस, म्हणजे भोकाभोवतीचा गोल खांब, मात्र 8 मिमीचा ठेवा. 6 मिमीचा बॉस गरम इन्सर्टने फुगतो, कधी थरांवर चिरतोही.

"कितीही आवळा" हे तर झाकणाचं भोक किती मोठं आहे यावर ठरतं. रबाळ्यातल्या एका पॅनेल बॉक्सच्या झाकणाला 5 मिमीची भोकं होती. स्क्रू आवळला की इन्सर्ट न फिरता वर ओढला जाऊन झाकणाच्या भोकात शिरायचा. भोकं 3.4 मिमी केली, तेव्हा झाकण थेट पितळेवर टेकलं आणि ओढ प्लास्टिकवर यायची थांबली.

हे टेकणं इन्सर्ट खोल बुडाला तर होत नाही. म्हणून सोल्डरिंग आयर्नने तो साधारण 90% आत घाला, मग आयर्न काढून सपाट धातूच्या पट्टीने पृष्ठभागाच्या रेषेत दाबा आणि गार होईपर्यंत पट्टी तशीच धरून ठेवा.