पाळीची तारीख चुकली म्हणजे ‘विष’ साठत नाही

‘मुलीला पाळी सुरू झाली की ती दर 28 दिवसांनी यायलाच हवी. तारीख चुकली की गर्भपिशवीत अशुद्ध रक्त साठते, त्याचे विष होते आणि पुढे मूल राहत नाही. मेडिकलमधून पाळी आणायच्या गोळ्या आणून 5 दिवस द्या. भरपूर अंगावरून गेले तर चांगलेच, घाण निघून जाते.’

हा मजकूर माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने 12 वर्षांच्या लेकीसाठी गोळ्यांची चौकशी सुरू केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी त्या विषाबद्दल, कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. पाळीचे रक्त गर्भाशयात महिनाभर साठून राहत नाही. तिथे वाढते ते गर्भाशयाचे आतले अस्तर, तेही काही मिलिमीटर जाडीचे, आणि त्यातले रक्त शरीरातल्या इतर रक्तासारखेच रक्तवाहिन्यांमधून वाहत असते. बीजकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे अस्तर वाढते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात सोडते आणि त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडते. बीज सुटल्यावरच बीजकोशात पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागते, ते साधारण दोन आठवड्यांनी ओसरते आणि मग अस्तर एकदम गळून पाळी येते. नुकत्याच वयात आलेल्या मुलीत पिट्युटरीचा हा प्रतिसाद सर्वांत शेवटी जुळून येतो. त्यामुळे पुष्कळदा बीज सुटतच नाही, प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, आणि अस्तर इस्ट्रोजेनवर वाढत राहून कधी लवकर, कधी उशिरा गळते. पाळी लांबली याचा अर्थ एवढाच की अस्तर अजून गळलेले नाही.

एका स्थितीत मात्र रक्त खरोखर साठते, हे मान्य करावे लागेल. योनिमार्गाचे तोंड जन्मतः पडद्याने पूर्ण बंद असेल तर पाळी बाहेर दिसतच नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात. अशा मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावेच लागते. पण जिला पाळी येऊन गेली आहे, तिची पुढची तारीख लांबण्याशी याचा संबंध नाही.

आता 28 दिवसांचा हट्ट. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्सने, 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार किशोरवयात 21 ते 45 दिवसांचे अंतर सर्वसाधारण धरले जाते, आणि पहिल्या पाळीनंतरच्या तिसऱ्या वर्षापर्यंत 60 ते 80 टक्के चक्रे 21 ते 34 दिवसांच्या टप्प्यात येतात. माझ्या भाचीला पहिली पाळी 10 जूनला आली, मग 19 जुलै, 13 ऑगस्ट आणि 6 ऑक्टोबरला. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजले, की ही अंतरे 39, 25 आणि 54 दिवसांची होतात. (पाळी संपल्यापासून मोजण्याची चूक घरोघरी होते.) 54 दिवस जास्त वाटतात खरे, पण पहिल्या वर्षात असे एखादे अंतर पडू शकते. तेवढ्यावरून ‘पीसीओडी’, म्हणजे बीजकोशात अनेक छोट्या पुटिका दिसणारा संप्रेरकांचा विकार, ठरवू नये. पहिल्या पाळीनंतरची 8 वर्षे सोनोग्राफीवरून ते निदान करू नये, असे 2023 चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते, कारण या वयात निरोगी बीजकोशही तसाच दिसू शकतो.

गोळ्यांनी रक्तस्राव होतो, हे खरे आहे. त्या प्रोजेस्टेरॉनसारख्या असतात आणि थांबवल्यावर काही दिवसांत अस्तर गळते. पण त्यामुळे पिट्युटरी लवकर परिपक्व होत नाही, आणि पाळी थायरॉईडच्या बिघाडामुळे लांबत असेल तर तो पाळी ‘आल्यामुळे’ झाकला जातो. डॉक्टर योग्य कारणासाठी त्या देतात. दुकानातून आपल्या मनाने आणून मुलीला देणे चूक आहे.

सर्वांत घातक आहे ते त्या मजकुरातले शेवटचे वाक्य, भरपूर अंगावरून गेले तर चांगलेच. एक पॅड तास-दोन तासांत पूर्ण भिजत असेल किंवा रक्तस्राव 7 दिवसांहून जास्त चालत असेल, तर त्याला घाण निघून जाणे म्हणू नये. बीज न सुटल्यामुळे वाढलेले अस्तर असे गळू शकते, किंवा रक्त गोठण्याचा उपजत दोषही पहिल्यांदा इथेच लक्षात येतो. लहानपणापासून नाकातून वारंवार रक्त येत असेल, अंगावर सहज काळेनिळे डाग पडत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चक्कर येत असेल, मुलगी पांढरी पडली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एरवी दोन पाळ्यांमध्ये एकदाही 90 दिवसांचे अंतर पडले, पहिल्या वर्षानंतरही अंतर वारंवार 21 च्या आत किंवा 45 च्या पुढे जात राहिले, नियमित झालेली पाळी पुन्हा बिघडली, चेहऱ्यावर राठ केस येऊ लागले किंवा 15 वर्षे पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. जाताना पाळीच्या तारखा, रक्तस्रावाचे दिवस आणि रोज लागलेले पॅड एवढे कागदावर लिहून न्यावे. हिमोग्लोबिन, थायरॉईड यांपैकी कोणती तपासणी लागेल, हे डॉक्टर त्यावरून ठरवू शकतात.