अमाल्गम भरलेला दात पिवळ्या पिशवीत नको

डेंटिस्टांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘बायोमेडिकल वेस्टचे नियम हॉस्पिटलला आहेत, एका खुर्चीच्या क्लिनिकला नाहीत. सुया ब्लीचमध्ये बुडवून सुक्या कचऱ्यात द्या. काढलेले दात पिवळ्या पिशवीत टाका, सगळं जळून जातं. अमाल्गम एकदा घट्ट झालं की त्यातला पारा बाहेर येत नाही, उरलेला चुरा भंगारात द्या, चांदीचे पैसे मिळतात.’

पहिल्या वाक्यावर फार वेळ घालवायला नको. 2016 च्या नियमांत खाटा नसलेले दवाखानेही येतात, दातांचे दवाखानेसुद्धा. आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. खाटा नसलेल्या दवाखान्यांना ती एकदाच घ्यावी लागते, एवढीच काय ती सवलत.

सुईची नळी इतकी बारीक असते की ब्लीच आतपर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. आणि निर्जंतुक झाली असं मानलं, तरी टोचायची थोडीच थांबते? कचरा हाताने निवडणाऱ्या बाईच्या बोटात ती जातेच. नियमात क्लिनिकने सुया भिजवायच्या असं कुठेही नाही. नीडल कटरने कापून पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायच्या आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबून बसवतानाच बोटाला टोचते. सुई काढलेली प्लॅस्टिकची सिरिंज लाल पिशवीत जाते.

खरा घोळ दातांचा आहे, कारण मेसेज इथे अर्धा बरोबर आहे. साधा काढलेला दात पिवळ्या पिशवीतच जातो. पण समजा खालची उजवी पहिली दाढ, जुनं मोठं अमाल्गम भरलेली, बरने दोन तुकडे करून काढली. रक्ताचा गॉझ पिवळ्यात, ग्लोव्हज आणि सक्शन टिप लाल पिशवीत, झिजलेला बर पांढऱ्या डब्यात, भूल दिलेल्या औषधाची रिकामी काचेची बाटली निळ्या खुणेच्या डब्यात. त्या दाढेचे दोन तुकडे मात्र यांपैकी कशातही जात नाहीत.

अमाल्गमच्या वजनात जवळपास निम्मा पारा असतो. घट्ट झाल्यावर तो चांदी आणि कथिलाशी जोडलेला राहतो, म्हणून तोंडात फार सुटत नाही. मेसेज लिहिणारा तिथेच थांबला. तापवलं की ही जोडणी तुटते. पारा 357 अंशांना उकळतो आणि पिवळी पिशवी ज्या भट्टीत जाते तिच्या पहिल्या कक्षातच 800 अंश असतात. पारा मूलद्रव्य आहे, त्याची जळून राख होत नाही, वाफ होते. ही वाफ पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे धूर धुणाऱ्या यंत्रणेतून बरीचशी चिमणीबाहेर जाते. याच कारणाने अमाल्गमचा दात ऑटोक्लेव्हमध्येही टाकू नये. बीडीएसची मुलं सरावासाठी दात मागायला येतात तेव्हा हे सांगायला हवं. अमेरिकेतल्या सीडीसीची शिफारस आहे की असा दात दोन आठवडे 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा. भरण नसलेला दात ऑटोक्लेव्ह करायला हरकत नाही.

भंगाराच्या सल्ल्याचं काय होतं ते 1989 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या लिंकन पार्कला दिसलं. चांदी मिळवण्यासाठी घराच्या तळघरात दातांचं अमाल्गम वितळवलं गेलं आणि त्या घरातली चार मोठी माणसं पाऱ्याच्या वाफेने दगावली. आपल्याकडचा चांदी गाळणाराही तापवूनच चांदी काढणार.

म्हणून चुरा, उरलेलं अमाल्गम, वापरलेल्या कॅप्सूल, सक्शनच्या जाळीत अडकलेले कण आणि अमाल्गमचे दात घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवावेत. वर ‘अमाल्गम, पारायुक्त’ असं लिहावं आणि बरणी उन्हापासून व ऑटोक्लेव्हपासून लांब ठेवावी. जाळी बेसिनच्या नळाखाली धुऊ नये, कण गटारात जातात. सक्शनच्या नळ्या ब्लीचने साफ करायची सवयही सोडावी, कारण आत चिकटलेल्या अमाल्गममधला पारा क्लोरीनमुळे सुटून पाण्यात उतरतो.

बरणीतला माल बायोमेडिकलच्या गाडीत देता येत नाही. तो घातक कचऱ्यात मोडतो आणि त्या कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यावा लागतो. वर्षाला मूठभर चुऱ्यासाठी कुणी वेगळी गाडी पाठवणार नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर गावातल्या दहा-बारा क्लिनिकनी आपापल्या बरण्या एकाच दिवशी मिळून पाठवाव्यात, आणि त्यासाठी आधी त्या संस्थेशी आणि मंडळाच्या स्थानिक कार्यालयाशी बोलून घ्यावं.